पाणी कधी बंद? चॅटच्या पडद्याची परीक्षा

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर रात्री ११:५८ ला सेक्रेटरींचा मेसेज येतो : ‘उद्या सकाळी ७ ते ११ पाणी बंद राहील.’ १२:०१ ला त्यांचाच दुसरा : ‘टाकी धुणारी माणसं उद्या येतील. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?’ १२:०४ ला खजिनदार विचारतात, ‘प्रत्येकी २०० रुपये या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरू का?’ १२:०६ ला तिसऱ्या मजल्यावरचे काका लिहितात, ‘चालेल.’ आणि १२:१० ला एक मेसेज येऊन पडतो : ‘उद्या नको, पुढच्या रविवारी ठेवा.’ हा लिहिला गेला होता ११:४० ला, तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथे रेंज नव्हती, म्हणून तो अर्धा तास फोनमध्येच अडकून राहिला.

हा संवाद कुठल्या खऱ्या सोसायटीचा नाही. चॅटचं अ‍ॅप तपासण्यासाठी तो मुद्दाम रचला आहे. सभासदांपैकी एक न्यू जर्सीत राहतात आणि त्यांचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, अशीही सोय त्यात आहे. पाचच मेसेज, पण पडद्याची मांडणी जरा चुकली तर सकाळी उठून ग्रुप उघडणारा माणूस त्यांतून भलतेच अर्थ काढू शकतो. पाणी रविवारी बंद की सोमवारी? काकांचं ‘चालेल’ पैशांना की पाणी बंद ठेवायला? आणि शेवटच्या सभासदाने सेक्रेटरींचा निर्णय धुडकावला, की निर्णय होण्याआधी साधी सूचना केली?

चॅटचा पडदा तपासताना रंग, चिन्हं, गुळगुळीत सरकणं याकडे आधी लक्ष जातं. पण बोलणं घडलं तेव्हा हजर नसलेल्या माणसाला कोण बोललं, कधी बोललं आणि कशाला उत्तर म्हणून बोललं, हे पडद्यावरून कळतं का, हा प्रश्न त्याआधीचा आहे. मेसेजचे गट, वेळेचा शिक्का, उत्तराची जोडणी आणि लांब मजकुराच्या ओळी या चार गोष्टींवर त्याचं उत्तर ठरतं. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एकेक सुटी तपासून भागत नाही. एकच संवाद चारही अंगांनी पाहावा लागतो.

तयारी फार लागत नाही. दोन फोन आणि एक लॅपटॉप पुरतो. पहिला फोन सेक्रेटरींचा. दुसरा पार्किंगमधल्या सभासदाचा. त्यावर मेसेज लिहिताना एअरप्लेन मोड चालू ठेवायचा आणि नंतर बंद करायचा. लॅपटॉपचं घड्याळ न्यूयॉर्कच्या टाइमझोनवर. मध्यरात्रीचा भाग तपासायला जागरण करण्याचीही गरज नाही. फोनला ऑकलंडचा टाइमझोन लावला की नोव्हेंबरात पुण्यातल्या दुपारी साडेचारलाच त्यावर रात्रीचे बारा वाजतात.

गट कुठे तुटतो

एकाच माणसाचे लागोपाठ आलेले मेसेज बहुतेक अ‍ॅप एकत्र बांधतात. नाव एकदाच, फोटो एकदाच, मेसेजमधलं अंतर कमी; दुसरा माणूस बोलू लागला की अंतर जास्त. जवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटातल्या मानतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ मधल्या निबंधात मांडलं होतं. चॅटची सगळी मांडणी त्याच सवयीवर उभी आहे. म्हणून पहिली तपासणी साधी : फोन हातभर लांब धरून अक्षरं न वाचता पाहा, किती जण बोलले ते मोजता येतं का? गटातलं आणि गटांमधलं अंतर जवळपास सारखं असेल तर इथेच गोंधळ होतो.

खरा प्रश्न मात्र गट कधी तोडायचा हा असतो. माणूस बदलला की तुटणार, हे उघड आहे. तारीख बदलली की तुटायला हवा. आणि मधे ठरावीक वेळ गेला, समजा पाच मिनिटं, तरी तुटायला हवा. ही पाच मिनिटं कुठून मोजायची, यात एक खाच आहे. आधीच्या मेसेजपासून मोजली तर दर चार मिनिटांनी एकेक ओळ लिहिणाऱ्या माणसाचा गट कधीच तुटत नाही. अ‍ॅप गटाच्या डोक्यावर एकच वेळ दाखवत असेल, तर ९:०० च्या शिक्क्याखाली ९:५६ ला लिहिलेली ओळही बसते. गटाच्या पहिल्या मेसेजपासून मोजलं की हा दोष जातो. तपासायला दर चार मिनिटांनी एक असे पाच-सहा मेसेज पाठवायचे आणि शेवटच्या मेसेजची वेळ पडद्यावर सापडते का ते पाहायचं.

आता सेक्रेटरींचे दोन मेसेज घ्या. दोन्हींमध्ये तीनच मिनिटांचं अंतर आहे, पण मधे मध्यरात्र आहे. पुण्यातल्या फोनवर त्यांच्यामध्ये ‘रविवार, २ नोव्हेंबर’ अशी तारखेची पट्टी यायला हवी आणि पट्टीखाली सेक्रेटरींचं नाव पुन्हा दिसायला हवं. न्यू जर्सीच्या लॅपटॉपवर तेच मेसेज शनिवारी दुपारी २:२८ आणि २:३१ चे आहेत. तिथे पट्टी नको आणि गटही एकच हवा. म्हणजे एकाच संवादाचे गट दोन ठिकाणी वेगळे पडणं हेच बरोबर. दोन्ही पडदे हुबेहूब सारखे दिसले तर अ‍ॅप तारीख एका जागची धरून सगळ्यांवर लादतं आहे, असं समजावं.

गटाची आणखी एक बाजू डोळ्यांनी तपासता येत नाही. अँड्रॉइडवरचं टॉकबॅक किंवा आयफोनवरचं व्हॉइसओव्हर चालू करून पडद्याकडे न पाहता ऐका. दिसणाऱ्याला नाव वर एकदा पुरतं, कारण खालचे मेसेज त्याला चिकटलेले दिसतात. ऐकणाऱ्याला ते चिकटणं कळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक मेसेजबरोबर नाव आणि वेळ बोललं गेलं पाहिजे.

कोणाच्या घड्याळातली वेळ

मेसेजला निदान दोन वेळा असतात : तो लिहून पाठवण्याचं बटण दाबलं ती, आणि तो सर्व्हरवर पोचला ती. सर्व्हर आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत नोंदवतो. आपला फोन तीत साडेपाच तास मिळवून ती दाखवतो. फोनच्या घड्याळावर विसंबणं धोक्याचं, कारण ते कोणीही बदलू शकतं. म्हणून मेसेजचा क्रम सर्व्हरच्या नोंदीवरून लावणं शहाणपणाचं ठरतं.

पण पार्किंगमधल्या सभासदाचं काय? त्याच्या मेसेजवर १२:१० लिहिलं तर सेक्रेटरींच्या निर्णयाला त्याने उघड विरोध केल्यासारखं वाचलं जाईल. ११:४० लिहून वर, त्याच्या मूळ जागी घातलं तर दुसरीच अडचण. बाकीच्यांनी तिथवरचं केव्हाच वाचलेलं आहे. वाचलेल्या मजकुरात मागाहून घुसलेली ओळ कोणाला दिसणार? या दोहोंत पहिला मार्ग कमी वाईट. मेसेज खालीच यावा, पण त्याला बोट लावलं की ‘११:४० ला लिहिला, १२:१० ला पोचला’ अशी माहिती मिळावी. तपासताना आणखी एक पाहायचं : पाठवणाऱ्याच्या फोनवर ११:४० आणि बाकीच्यांच्या फोनवर १२:१० असं होतं का? तसं झालं तर क्रमही वेगळा दिसतो, आणि दोन माणसं आपापल्या फोनचे स्क्रीनशॉट दाखवत भांडू शकतात. दोघंही खरं बोलत असतात.

‘आज’, ‘काल’, ‘५ मिनिटांपूर्वी’ असे शिक्के वाचायला सोपे, पण ते शिळे होतात. लॅपटॉपवर चॅट रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी पाहा. कालच्या मेसेजवर अजून ‘आज’ची पट्टी असेल तर दिवस पालटल्याची दखल घ्यायला अ‍ॅप विसरलं आहे. स्क्रीनशॉटमध्ये तर ‘५ मिनिटांपूर्वी’ याला काही अर्थच उरत नाही. म्हणून पट्टीवर ‘आज’ असलं तरी मेसेजवर घड्याळातली वेळ हवी, आणि पूर्ण तारीख एका स्पर्शावर मिळायला हवी.

आमच्या संवादासाठी १ नोव्हेंबर ही तारीख निवडण्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळतं. २ नोव्हेंबर २०२५ ला पहाटे दोन वाजता अमेरिकेच्या बहुतेक भागातली घड्याळं एक तास मागे गेली. त्या रात्री न्यू जर्सीत १:३० दोनदा वाजले; एकदा भारतात सकाळचे ११ झाले होते तेव्हा, आणि पुन्हा दुपारचे १२ झाले तेव्हा. तिथल्या सभासदाने ११ ला ‘पाणी आलं का?’ विचारलं आणि १२ ला ‘भाडेकरू म्हणतात आलं’ असं लिहिलं, तर त्याच्या लॅपटॉपवर दोन्हींवर १:३० दिसेल. ते चूक नाही. चूक तेव्हा, जेव्हा अ‍ॅप पडद्यावरच्या वेळेवरून क्रम लावतं, किंवा दोन्ही एकाच मिनिटातले समजून एका गटात बांधतं. गट आणि क्रम यूटीसीवरून ठरवायचे आणि स्थानिक वेळ फक्त दाखवायची, हा नियम पाळला आहे की नाही, ते इथे उघड होतं.

‘चालेल’ कशाला?

काकांनी खजिनदारांच्या मेसेजला जोडून ‘चालेल’ लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. अशी जोडणी करण्याच्या दोन रीती आहेत. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राममध्ये मूळ मेसेजचा तुकडा उत्तराच्या डोक्यावर येतो आणि उत्तर सगळ्यांमध्येच पडतं. स्लॅकने २०१७ मध्ये आणलेल्या थ्रेडमध्ये उत्तरं मूळ मेसेजच्या पोटात वेगळी उघडतात. कचेरीत एकाच वेळी दहा विषय चालतात, तिथे थ्रेडने मुख्य ओघ मोकळा राहतो. पण थ्रेडमधलं उत्तर मुख्य ओघ वाचणाऱ्याला दिसत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ‘किल्ली माझ्याकडे आहे’ हे उत्तर थ्रेडच्या पोटात गेलं तर टाकी धुणारे गच्चीच्या दाराशी उभे राहतील. तेव्हा कोणती रीत चांगली, हे ग्रुप कसला आहे त्यावरून ठरवावं.

तुकड्याची रीत तपासताना तीन गोष्टी कराव्यात. तुकड्याला बोट लावलं की मूळ मेसेजवर जाता येतं का, तो क्षणभर उजळून ओळखू येतो का, आणि पुन्हा आधीच्या जागी परतायची वाट आहे का? परतीची वाट बऱ्याचदा विसरली जाते आणि माणूस तीन आठवड्यांपूर्वीच्या संवादात अडकतो. दुसरं, मूळ मेसेज काढून टाकल्यावर तुकड्याचं काय होतं ते पाहा. संवाद कूटबद्ध असला की सर्व्हरला मूळ मजकूर वाचताच येत नाही, म्हणून तुकड्याची प्रत उत्तर देणाऱ्याच्या फोनवरूनच जाते. यात एक मेखही आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट रिसर्च या सुरक्षा-संशोधन गटाने दाखवलं होतं, की व्हॉट्सअ‍ॅपच्या अशा तुकड्यातला मजकूर किंवा बोलणाऱ्याचं नाव खटपट करून बदलता येतं. म्हणून तुकडा पुरावा मानू नये. बोट लावून मूळ मेसेज गाठता येणं महत्त्वाचं ते याचसाठी.

तिसरी तपासणी मराठीत लिहिणाऱ्यांनी आवर्जून करावी. तुकडा लहान असतो. लांब मेसेज त्यात शेवटाकडून कापला जातो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. सेक्रेटरींनी लिहिलं, ‘सोमवारी सकाळी ७ ते ११ या वेळेत बी विंगचं पाणी बंद राहणार नाही.’ तुकड्यात उरलं, ‘सोमवारी सकाळी ७ ते ११ या वेळेत बी विंगचं पाणी बंद राहणार…’ खाली कोणीतरी ‘बरं’ म्हटलेलं. फक्त तुकडा वाचणारा बी विंगमधला माणूस बादल्या भरायला लागेल. इंग्रजीत नकार बहुधा क्रियापदाच्या आधी येऊन गेलेला असतो, त्यामुळे इंग्रजी मजकूर घालून केलेल्या चाचणीत हा दोष सहसा वर येत नाही. तुकड्याला दोन-तीन ओळी दिल्या आणि कापल्याची खूण ठळक ठेवली, तर धोका बराच कमी होतो.

उत्तराची जोडणी गटाशीही भिडते. सेक्रेटरींनी लागोपाठ दोन मेसेज लिहिले, पण दुसरा किल्लीवाल्या काकूंना उत्तर म्हणून असेल तर तो पहिल्याला चिकटवू नये. नाहीतर दोन्ही मेसेज काकूंनाच उद्देशून आहेत असं वाटतं.

ओळ कुठे मोडते

शेवटी सेक्रेटरी पूर्ण सूचना टाकतात : वेळापत्रक, पैसे भरायची लिंक, बँकेचा आयएफएससी कोड. इथे मजकूर चौकटीत कसा बसतो ते तपासायचं. फोनवर चौकट पडद्याच्या साधारण तीन चतुर्थांश रुंद असते आणि ती ठीक दिसते. तीच टक्केवारी लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवली तर ओळ वीतभर लांबते आणि पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष एका ओळीत ८० अक्षरांपेक्षा जास्त नकोत असं सुचवतात. म्हणून रुंदीला वरची मर्यादा हवी.

लिंक ही दुसरी कसोटी. तिच्यात मोकळी जागाच नसते, त्यामुळे ओळ मोडायला ठिकाण सापडत नाही. चौकट फुगून पडद्याबाहेर जाते आणि अख्खं चॅट आडवं सरकू लागतं. घाईत यावर `word-break: break-all` हा उपाय केला जातो. त्याने लिंक मोडते खरी, पण साधे शब्दही ओळीच्या टोकाला वाटेल तिथे मोडतात. ‘सोसाय’ एका ओळीत आणि ‘टी’ दुसऱ्या. नेमका उपाय वेगळा आहे :

```css
.message {
  max-width: min(75%, 36em);
  min-width: 0;
  overflow-wrap: anywhere;
  white-space: pre-wrap;
}
```

यातली पहिली ओळ रुंदीला मर्यादा घालते आणि दुसरी चौकटीला आकसू देते. तिसरीमुळे शब्द तेव्हाच मोडतो, जेव्हा तो एका ओळीत मावतच नाही. चौथी ओळ लिहिणाऱ्याने स्वतः पाडलेल्या ओळी जपते. ती नसेल तर विंगवार लिहिलेलं वेळापत्रक सलग परिच्छेद होऊन बसतं. आयएफएससी कोड मात्र ११ अक्षरांचा असतो आणि एका ओळीत सहज मावतो. तो मोडलेला दिसला तर दोष पक्का, कारण हाताने उतरवताना माणूस अर्धाच उतरवतो.

देवनागरीची स्वतःची कसोटी आहे. ‘महाराष्ट्र’ या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण संगणकासाठी ते दहा संकेत आहेत. काना, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं. ‘अधिक वाचा’च्या आधी मजकूर कापताना प्रोग्रॅम संकेत मोजत असेल, तर तो जोडाक्षराच्या मधोमधही सुरी चालवतो आणि टोकाला ‘महाराष्’ लोंबकळतं. देवनागरी जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचा नियम युनिकोडने २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आणला. त्याआधीची साधनं वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा दोष सापडू शकतो. मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल तर आणखी वाईट. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो, म्हणजे इंग्रजी सूचना जितकी लांब चालते, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच मराठी सूचना संपते.

मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा आणि ‘मूर्ती’, ‘दुरुस्ती’, ‘कर्मचाऱ्यांनी’ हे शब्द असलेल्या दोन-तीन ओळी पाठवा. रफार आणि वेलांटी वरच्या ओळीला घासतात का, उकार खालून कापले जातात का, मेसेजच्या कोपऱ्यातली वेळ शेवटच्या शब्दावर चढते का? ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली असेल तर यातलं काहीतरी दिसणारच.

निकाल कसा लिहायचा

हे सगळं झाल्यावर तो संवाद न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि तीनच प्रश्न विचारायचे : पाणी कोणत्या वारी बंद, काका कशाला हो म्हणाले, पार्किंगमधल्या सभासदाने मेसेज निर्णयाआधी लिहिला की नंतर? त्याला समजावून सांगायचं नाही, मदत करायची नाही. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो आणि कुठे आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो, एवढं टिपायचं.

सापडलेले दोष तीन ढिगांत जातात. अर्थ बदलणारे : नकार कापणारा तुकडा, दोन फोनवर वेगळा क्रम, तारखेची चुकलेली पट्टी. वेळ खाणारे : परतीची वाट नसणं, रेंगाळलेलं ‘आज’, ऐकणाऱ्याला नाव न कळणं. आणि डोळ्याला खुपणारे : असमान अंतर, घासणारी वेलांटी. प्रत्येक नोंदीत काय केलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, हे एकेका वाक्यात लिहावं, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला तो दोष पुन्हा घडवून पाहता येतो. उदाहरणार्थ : ‘टाइमझोन पुणे. ११:५८ आणि १२:०१ ला एकाच खात्यावरून मेसेज पाठवले. दोन्ही शनिवारच्या पट्टीखाली एका गटात दिसले. दुसरा मेसेज रविवारच्या पट्टीखाली, नावासह दिसायला हवा.’

पहिल्या ढिगातला एकही दोष शिल्लक असेल तर बाकी पडदा कितीही देखणा असो, अ‍ॅप लोकांच्या हातात देऊ नये. दुसऱ्या ढिगासाठी तारीख ठरवावी. तिसरा ढीग पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकतो, फक्त त्यातल्या प्रत्येक नोंदीकडे एकदा मोठ्या अक्षरांत आणि मराठी मजकुरावर पुन्हा पाहावं. साध्या आकारात नुसती खुपणारी वेलांटी मोठ्या आकारात वरच्या ओळीतला आकडा झाकू लागली, तर तिची जागा तिसऱ्या ढिगात नाही, पहिल्यात आहे.